बेदाण्याचे 160 बॉक्स आणि पावतीच्या मागची अट नंबर 9

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची ही केस. आमच्याकडं सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही आबाच म्हणणार, गावाचं आणि कोल्ड स्टोरेजचं नाव लिहीत नाही. मी सांगलीत वकिली करते, बरीचशी कामं ग्राहक आयोगातली. कोल्डच्या पावतीवरच्या अटींचं भांडण दर वर्षी एखादं तरी येतं, पण या केसमध्ये सगळे प्रश्न एकाच कागदावर आले होते म्हणून नीट लिहून ठेवतेय.

झालं असं की आबांनी एप्रिलमध्ये स्वतःच्या बागेचा हिरवा बेदाणा कोल्डला टाकला. 15 किलोचे 400 बॉक्स, म्हणजे 6 टन, भाडं बॉक्समागे महिन्याला 10 रुपये. गणपतीच्या आधी सौद्याला काढायचा म्हणून ऑगस्टमध्ये गाडी घेऊन गेले तर 160 बॉक्स खराब. वरून पुठ्ठा मऊ पडलेला, आत बेदाण्याचा रंग तांबूस झालेला, काही ठिकाणी पांढरी बुरशी आणि हात घातला की चिकट गोळे. चांगल्या मालाला त्या आठवड्यात 180 रुपये किलो मिळाला, हा माल 70 नं गेला. 160 बॉक्स म्हणजे 2400 किलो, किलोमागं 110 रुपयांची तूट, नुकसान 2,64,000. कोल्डच्या शेठनी शांतपणे पावती उलटी केली आणि अट नंबर 9 वर बोट ठेवलं: कोणत्याही कारणाने मालाचे नुकसान झाल्यास भरपाई त्या मालाच्या एक महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मिळणार नाही. 160 गुणिले 10, म्हणजे 1600 रुपये. आबा मला म्हणाले, "ताई, सोळाशे रुपयं तर माझं त्या दिवशी हमाली आन् डिझेलला गेलं."

पावतीमागं एकूण 12 अटी होत्या. आपल्या कामाच्या तीनच. अट 4: माल मालकाच्या जबाबदारीवर, आग, पाणी, वीज जाणे, मशीन बिघडणे किंवा इतर कोणत्याही कारणाने झालेल्या नुकसानीस स्टोरेज जबाबदार नाही. अट 9 वर सांगितलीच. आणि अट 11: माल नेल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार न केल्यास सर्व हक्क संपुष्टात येतील. आबांनी लेखी तक्रार बाराव्या दिवशी दिली होती त्यामुळं शेठच्या वकिलांनी आधी 11 चाच धोशा लावला, पण ती अट सगळ्यात लवकर पडते. करार कायद्याच्या कलम 28 मध्ये 1997 पासून स्पष्ट आहे की ठराविक मुदत गेली म्हणून माणसाचा हक्कच बुडेल अशी अट तेवढ्यापुरती रद्द. ग्राहक आयोगात तक्रारीला कारण घडल्यापासून 2 वर्षं असतात, ती पावतीवर छापून 7 दिवस करता येत नाहीत.

खरं काम होतं 4 आणि 9 चं. लोकांना वाटतं की अशी अट अन्यायकारक आहे एवढं सांगितलं की झालं. पण कोर्ट तिथून सुरुवात करतच नाही, पहिला प्रश्न असतो की ही अट करारात आलीच होती का. म्हणून मी आबांना आधी एप्रिलमधला तो दिवस पहिल्यापासून सांगायला लावला, कुणी काय केलं, कुठल्या क्रमानं.

तर क्रम असा. दोन दिवस आधी आबांनी फोन केला, जागा आहे का विचारलं, मुनीम म्हणाले आहे, भाडं 10 रुपये, घेऊन या. बस, फोनवर एवढंच. माल पाठवायच्या दिवशी आबांच्या घरी लग्नाची सुपारी होती म्हणून त्यांनी आयशर भरून ड्रायव्हरबरोबर पाठवली, स्वतः गेले नाहीत. गाडी सकाळी 10 ला गेटवर, वजन झालं, हमालांनी बॉक्स उतरवून आत लावले, त्यात दोन-अडीच तास गेले आणि मग मुनीमांनी पावती फाडून ड्रायव्हरच्या हातात दिली. पुढच्या बाजूला बॉक्सची संख्या, लॉट नंबर, रॅक नंबर, भाडं, आणि खाली "माल जमा करणाऱ्याची सही" या ओळीवर ड्रायव्हरची सही. त्याच्याही खाली, कडेला चिकटून, बारीक अक्षरात "अटी मागील बाजूस". मी मूळ पावती मागवून घेतली तेव्हा दिसलं की त्या ओळीवरच कोल्डचा गोल शिक्का बसलाय, "अटी मा" एवढंच वाचता येतं. झेरॉक्सवर तर ते काळा डाग वाटलं होतं, म्हणून सांगते, मूळ कागद बघितल्याशिवाय नोटीस लिहू नये.

आता करार कधी झाला? फोनवर जागा आणि भाडं ठरलं तेव्हा, आणि फारच ताणलं तर गाडी खाली करायला घेतली तेव्हा. पावती त्यानंतर आली. इंग्लंडमधला 1949 चा ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट हा निकाल इथं कामाला येतो, तिथं हॉटेलनं बेडरूमच्या भिंतीवर पाटी लावली होती की चोरीला आम्ही जबाबदार नाही, कोर्ट म्हणालं की करार खाली काउंटरवर झाला, वरच्या खोलीतली पाटी नंतरची, ती लागू नाही. पण त्याहून जवळचा आपल्याच मुंबई हायकोर्टाचा आर. एस. देबू विरुद्ध हिंदळेकर, 1995 साली रिपोर्ट झालेला, लाँड्रीच्या पावतीवरचा. त्यात सांगितलंय की पावतीच्या मागं छापलेल्या अटी गिऱ्हाइकाची सही नसेल तर आपोआप कराराचा भाग होत नाहीत, करार होण्याआधी त्या अटींकडं गिऱ्हाइकाचं लक्ष वेधलं होतं आणि त्यानं त्या मान्य केल्या होत्या हे माल ठेवून घेणाऱ्यानं सिद्ध करायचं. म्हणजे ओझं शेठच्या डोक्यावर.

इथं शेठच्या वकिलांचा मुद्दा आला की सही आहे ना. सहीचा मुद्दा हलका नाही. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानं भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या केसमध्ये कुरिअरच्या कागदावर सही केली म्हणून 100 डॉलरची मर्यादा कायम केली होती, तक्रारदाराचं नुकसान त्याच्या कितीतरी पट असून. आबांनी स्वतः सही केली असती आणि खाली ओळ स्वच्छ वाचता येत असती तर ही केस मी वेगळ्या पद्धतीनं चालवली असती आणि आबांना आधीच सांगितलं असतं की जड आहे. पण इथली सही ड्रायव्हरची. त्याला आबांनी 400 बॉक्स पोचवायला पाठवलं होतं, आबांच्या वतीनं भरपाईचा हक्क सोडायला नाही. त्याची सही बॉक्स मोजून दिले याची. आम्ही त्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, अगदी साधं: मी भाड्याने गाडी चालवतो, मुनीम म्हणाले इथं सही कर, मी बॉक्सचा आकडा बघितला आणि सही केली, मागं काही आहे हे मला कोणी सांगितलं नाही.

इथपर्यंत मला वाटत होतं की झालं काम. मग आबा सहज म्हणाले, "ताई, ह्याच कोल्डला तीन वरीस झालं टाकतोय की मी." आणि माझ्या पोटात गोळा आला.

कारण 1956 चा स्पर्लिंग विरुद्ध ब्रॅडशॉ. त्यातही गोदामच होतं आणि संत्र्याच्या रसाची 8 पिंपं होती. गोदामवाल्याची पावती माल ठेवल्यावर काही दिवसांनी आली, मागं अट की आमच्या हलगर्जीपणानं नुकसान झालं तरी आम्ही जबाबदार नाही. पिंपं काही रिकामी, काही गळकी निघाली. पावती उशिरा आली म्हणून माणूस जिंकायला हवा होता ना, पण तो हरला, कारण आधी कितीतरी वेळा त्याला हीच पावती मिळाली होती, त्यानं ती कधी वाचली नाही हा त्याचा प्रश्न, नेहमीच्या व्यवहारातून अट लागू झाली. लॉर्ड डेनिंगचं प्रसिद्ध वाक्य याच निकालातलं, की काही अटी इतक्या कडक असतात की त्या लाल शाईत छापून त्यांच्याकडं लाल हाताचं बोट दाखवलं तरच नोटीस पुरेशी म्हणता येईल. ते वाक्य सगळे उद्धृत करतात, पण ते ज्या केसमध्ये म्हटलं त्यात गिऱ्हाईक हरलं होतं हे लक्षात ठेवत नाहीत, आणि समोरचा वकील बरोबर तेवढंच कोर्टाला दाखवतो.

म्हणून आबांना म्हटलं जुन्या पावत्या शोधा. घरात काकूंनी देवघराच्या खालच्या कप्प्यात सोसायटीच्या पासबुकाबरोबर बांधून ठेवल्या होत्या, तिन्ही वर्षांच्या. टेबलावर शेजारी शेजारी लावल्या. कागद तोच, गुलाबी, छपाई तीच, पण मागं अटी मोजल्या तर पहिल्या तीन वर्षांच्या पावत्यांवर 8 अटी आणि चालू वर्षीच्या पावतीवर 12. एक महिन्याच्या भाड्याची मर्यादा जुन्या एकाही पावतीवर नव्हती! म्हणजे अट 9 नवीन, ती नेहमीच्या व्यवहारातून आली असं म्हणताच येत नाही, उलट चौथ्या वर्षी गुपचूप वाढवलेली अट वेगळी दाखवून द्यायला हवी होती. अट 9 तिथंच संपली असं माझं ठाम मत होतं आणि आहे.

पण अट 4 मात्र चारही वर्षांच्या पावतीवर जशीच्या तशी. तिथं स्पर्लिंगचा धोका खरा होता, म्हणून आम्ही असं धरूनच चाललो की अट 4 करारात आली असं आयोग म्हणू शकतं, आणि मग पुढचा प्रश्न, तिचा अर्थ काय. मला सोपा युक्तिवाद सुचला होता की अटीत "हलगर्जीपणा" हा शब्द नाही, मग हलगर्जीपणाला ती लागू नाही. जबाबदारी झटकणारी अट संशय असेल तिथं लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायची, हे तत्त्व पक्कंच आहे. पण दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याच्या बाबतीत हा युक्तिवाद उलटू शकतो. 1945 च्या ऑल्डरस्लेड विरुद्ध हेंडन लाँड्री मध्ये कोर्ट म्हणालं की लाँड्रीवाला मुळात जबाबदारच फक्त हलगर्जीपणासाठी असतो, मग मर्यादेची अट हलगर्जीपणाला लावली नाही तर ती कशालाच लागू राहणार नाही, म्हणून ती लागू. समोरच्या वकिलांनी हा निकाल काढलाच, अभ्यासू माणूस आहे.

त्यावर आमचं उत्तर करार कायद्याचं कलम 151. दुसऱ्याचा माल ठेवून घेतला की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशा मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायची, आणि कायद्याचे शब्द आहेत "सर्व प्रकरणांत". 152 मध्ये "विशेष करार नसेल तर" असे शब्द आहेत, 151 मध्ये नाहीत. आमचं म्हणणं असं की करारानं जबाबदारी वाढवता येईल, पण ही किमान काळजी काढून टाकता येत नाही. मद्रास हायकोर्टानं लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी मध्ये, 1966 साली रिपोर्ट झालेला, हरवलेल्या नव्या साडीसाठी किमतीचा काही हिस्साच देण्याची लाँड्रीची छापील अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द केली, कारण तसं चाललं तर हलगर्जीपणालाच बक्षीस मिळेल. पण सगळी हायकोर्टं एका सुरात बोलत नाहीत, करारानं 151 ची जबाबदारी कमी करता येते असाही मतप्रवाह आहे आणि तो मुंबईच्या जुन्या निकालातही आहे. आबांना मी हे सांगितलं, कारण तडजोडीच्या वेळी आकडा ठरवताना हेच कामाला येतं.

मग सगळा जोर पुराव्यावर टाकला. अट 4 लागू असो नसो, काळजी घेतली हे दाखवायचं काम माल ठेवून घेणाऱ्याचं, त्याच्या गोदामात काय झालं ते त्यालाच माहीत. आयोगाला कागद हजर करायला लावायचा अधिकार आहे, आम्ही अर्ज करून तापमान रजिस्टर आणि गेटपासची पुस्तकं मागितली. रजिस्टर बघण्यासारखं होतं. दर 4 तासांनी नोंद, एप्रिल ते जूनमध्ये आकडे 3.8, 4.3, 4.1 असे हलते, पेन बदललेलं, अक्षर बदललेलं, एका पानावर चहाचा डाग. आणि जुलैच्या एका आठवड्यात सलग सगळ्या नोंदी 4.0, 4.0, 4.0, एकाच निळ्या पेनानं, एकाच हातच्या, एकही खाडाखोड नाही. त्याच आठवड्यात त्या फीडरवर सलग 31 तास लाइट नव्हती हे माहिती अधिकारात महावितरणकडून लेखी मिळालं होतं. जनरेटर आहे म्हणाले, पण त्या दोन दिवसांची डिझेलची एकही पावती दाखवता आली नाही.

लाइट जाणं कुणाच्या हातात नसतं आणि दार घट्ट बंद ठेवलं तर भरलेली खोली बराच वेळ थंड राहते, तेवढ्यानं हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. गेटपासनी तो सिद्ध केला. त्याच 31 तासांत त्या खोलीतून 14 वेळा दुसऱ्यांचा माल बाहेर काढला होता. पावसाळ्यातली दमट हवा, 14 वेळा दार उघडलं, हवा आत गेली, गार बॉक्सवर पाणी धरलं, पुठ्ठ्यानं ते प्यायलं, बेदाण्याला घाम सुटला आणि बुरशी आली. खराब झालेले 160 बॉक्स कुठले होते? दाराजवळच्या दोन रॅकवरचे, नंबर पावतीवरच छापलेले. मागच्या रॅकवरचे 240 बॉक्स, त्याच बागेचे, त्याच दिवशी आलेले, ठणठणीत. त्यामुळं "माल मुळातच ओला आणला होता" हा बचाव उभाच राहिला नाही.

एक आक्षेप राहिला होता, की आबा ग्राहकच नाहीत, विकायचा माल म्हणजे व्यापारी हेतू. याला 2020 चा कॅनरा बँक विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स पुरेसा आहे, कर्नाटकात कोल्डला आग लागून शेतकऱ्यांच्या मिरचीसकट माल जळाला होता, सुप्रीम कोर्टानं शेतकरी ग्राहक आहेत असंच धरलं. आबांच्या जागी अडत्या किंवा साठा करणारा व्यापारी असता तर मात्र दिवाणी कोर्टाचा रस्ता धरावा लागला असता.

आणि 2019 च्या ग्राहक कायद्यातल्या "अन्यायकारक करारा"चं काय, असं मला बरेच जण विचारतात. कलम 2(46) आहे, एकतर्फी अट घालून ग्राहकाचं नुकसान करणारा करार त्यात बसतो, एक महिन्याच्या भाड्याची मर्यादा त्यात बसेल असं मला वाटतं. पण अशी अट रद्दबातल ठरवायचा अधिकार कायद्यानं राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिलाय, जिल्हा आयोगाला तसा स्पष्ट दिलेला नाही. बरेच वकील जिल्ह्यात तक्रार लावून मागणीत पहिलीच ओळ लिहितात की अट क्रमांक अमुक रद्द करावी, आणि मग अधिकारक्षेत्राच्या वादात वर्ष जातं. आम्ही मागणीत ते लिहिलंच नाही. आम्ही लिहिलं की अट 9 करारात आलीच नाही, अट 4 नं कलम 151 ची काळजी सुटत नाही आणि सेवेत त्रुटी झाली. ती त्रुटी ठरवणं जिल्हा आयोगाचंच काम. तक्रारीचं मूल्य आता दिलेल्या मोबदल्यावर धरतात, आबांचं 4 महिन्यांचं भाडं 16,000, 5 लाखांपर्यंत फीही नाही, त्यामुळं सांगलीतच काम झालं.

रजिस्टर आणि गेटपास दाखल झाल्यावर पुढच्याच तारखेला समोरून मध्यस्थीची तयारी आली. आबा 2,64,000 वर अडून होते, मी त्यांना अट 4 ची जोखीम परत समजावली, शेवटी 2,15,000 रोख आणि 160 बॉक्सचं सगळं भाडं माफ, यावर मिटलं. 15 दिवसांत चेक पास झाला. म्हणजे अट 4 वर आयोगानं निकाल दिलाच नाही, तो प्रश्न उघडाच राहिला, आणि मला त्याची रुखरुख आहे, पण आबांना पुढच्या छाटणीला पैसे पाहिजे होते आणि केस त्यांची होती.

पुढच्या सीझनला एप्रिलमध्येच आबांचा फोन आला, कोल्डच्या गेटवरून. आयशर उभी होती, या वेळी ते स्वतः गेले होते. पावती बदलली होती. आता गाडी आत घ्यायच्या आधीच कागद पुढं करतात, अट पुढच्याच बाजूला, लाल चौकटीत, मोठ्या अक्षरात, मर्यादा एक महिन्याऐवजी तीन महिन्यांचं भाडं, आणि चौकटीच्या आत वेगळी सही मागतात. म्हणजे आमचं पावती उशिरा आली, मागं होती, ड्रायव्हरनं सही केली, सगळं त्यांनी बंद केलं, आणि कायद्याच्या दृष्टीनं नोटीस आता खरंच चांगली आहे. आबा म्हणाले, "ताई, सही करू का नको? मागं चार गाड्या उभ्या हायत."

मी म्हटलं आबा, चौकटीत सही करू नका, चौकटीवर पेनानं लिहा "ही अट मान्य नाही, माल बाजारभावाने 11 लाखांचा आहे", त्याच्याखाली सही करा आणि मुनीमांना वाचून दाखवा. ते नाही म्हणाले तर गाडी फिरवून दुसऱ्या कोल्डला न्या, सही करून मग माझ्याकडं येऊ नका. फोन चालूच होता. आबांनी मोठ्यानं वाचलेलं ऐकू आलं, मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, मग मुनीमांचा आवाज आला, "बरं, घ्या गाडी आत." आबांनी त्या कागदाचा फोटो लगेच मला पाठवला, शिक्का त्यांच्या अक्षराच्या खाली, नीट वाचता येईल असा.